टाकीच्या लेव्हलवरून पंप खरंच पाणी चढवतोय का, हे आपोआप कसं कळेल?

प्रश्न: आमच्या बिल्डिंगच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही टाक्यांत लेव्हल सेन्सर बसवलेत, दर मिनिटाला रीडिंग सर्व्हरवर येतं. पंपाला वेगळा सेन्सर नाही. फक्त या रीडिंगवरून पंप चालू आहे की बंद, नीट चालतोय की नुसताच फिरतोय, हे आपोआप ओळखता येईल का? मी "लेव्हल वाढली म्हणजे पंप चालू" असं लिहून बघितलं पण दिवसभर खोटे अलर्ट येतात, वॉचमननी आता मोबाईल बघणंच सोडलंय.

उत्तर:

ओळखता येतं, आणि दोन्ही टाक्यांत सेन्सर आहेत म्हटल्यावर तुमचं अर्धं काम झालेलंच आहे. फक्त एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, लेव्हल सेन्सरला मोटर दिसत नाही, त्याला फक्त पाणी दिसतं. मोटर फिरतेय पण पंपाने हवा धरलीय, तर सेन्सरच्या दृष्टीने पंप बंदच आहे. हे ऐकायला कमीपणाचं वाटतं पण खरं तर फायद्याचं आहे, कारण रहिवाशांना मोटर फिरतेय का याच्याशी काही घेणंदेणं नसतं, पाणी वर येतंय का एवढंच हवं असतं. म्हणून "पंप चालू / बंद" असं नाव देऊच नका, "पाणी चढतंय / चढत नाहीये" असं द्या. मी सुरुवातीला हीच चूक केली होती, स्क्रीनवर "पंप बंद" लिहून यायचं आणि खाली पंपरूममध्ये मोटर मस्त घरघरत असायची, मग लोकांचा सगळ्या सिस्टिमवरचाच विश्वास उडाला.

आता खोटे अलर्ट का येतात ते बघू. तुम्ही दोन लागोपाठच्या रीडिंगमधला फरक घेताय असा माझा अंदाज आहे, बहुतेक जण तेच करतात. अल्ट्रासॉनिक सेन्सर असेल तर पाण्यावर लाटा असताना एक सेंटीमीटर इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं आहे. एक मिनिटात खरी लेव्हल हलते दीड सेंटीमीटर आणि सेन्सर हलतो एक सेंटीमीटर, म्हणजे त्या फरकात बातमी किती आणि कचरा किती हे सांगताच येणार नाही.

पहिलं काम म्हणजे सेंटीमीटर सोडून लिटरमध्ये या. दोन्ही टाक्यांचा पृष्ठभाग वेगळा असतो त्यामुळे वरचा एक सेंटीमीटर आणि खालचा एक सेंटीमीटर म्हणजे सारखं पाणी नाही, आणि आपल्याला पुढे दोघांची तुलना करायचीय. समजा वरची टाकी आतून ४ मीटर बाय अडीच मीटर, म्हणजे १० चौरस मीटर, तर १ सेंटीमीटर म्हणजे १०० लिटर. खालची ५ बाय ४, म्हणजे २० चौरस मीटर, तिथे १ सेंटीमीटर म्हणजे २०० लिटर. माप आतून घ्या, बाहेरून नको, भिंतीची जाडी हिशोबात घुसली की सगळे आकडे गंडतात. आडव्या गोल टाक्या असतील तर हे सरळ गुणाकाराचं गणित चालत नाही, लेव्हलप्रमाणे पृष्ठभाग बदलतो, तिथे लेव्हल आणि लिटरचा तक्ता एकदा बनवावा लागतो.

दुसरं, पंप प्रत्यक्षात किती पाणी चढवतो ते मोजा. नेमप्लेटवरचा आकडा घेऊ नका, तो ठरावीक हेडचा, म्हणजे ठरावीक उंचीपर्यंत पाणी ढकलतानाचा असतो आणि तुमची उंची, पाईपचे बेंड, इंपेलर म्हणजे पंपातला जुना झालेला पंखा हे त्याला काय माहीत. रात्री दोन-तीनच्या सुमारास, किंवा वरच्या टाकीचा आउटलेट व्हॉल्व्ह दहा मिनिटं बंद ठेवून, पंप चालवा आणि लेव्हल किती चढली ते बघा. १० मिनिटांत १९ सेंटीमीटर चढली तर १९०० लिटर, म्हणजे मिनिटाला १९० लिटर. हा आकडा कुठेतरी लिहून ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

आता वेग काढायचा. मी शेवटची सात रीडिंग घेतो आणि त्यातल्या प्रत्येक जोडीमधला वेग काढून मधला, म्हणजे मीडियन, धरतो. सरासरी का नाही? कारण अल्ट्रासॉनिक सेन्सर मधूनच एखादं वेडंवाकडं रीडिंग टाकतो, सेन्सरच्या तोंडावर वाफेचा थेंब बसला किंवा शिडीवरून प्रतिध्वनी आला की एकदम ४० सेंटीमीटरची उडी, आणि सरासरी अशा एकाच रीडिंगने वाहून जाते. मीडियनला एखाद्या वेड्या रीडिंगने काही होत नाही.

```python
from statistics import median

def flow(pts):   # pts = [(minute, litre), ...]
    s = [(b[1] - a[1]) / (b[0] - a[0])
         for i, a in enumerate(pts)
         for b in pts[i+1:] if b[0] > a[0]]
    return median(s) if s else None
```

आमच्या वरच्या उदाहरणातल्या टाकीत रीडिंगचा डळमळीतपणा अर्ध्या सेंटीमीटरचा, म्हणजे ५० लिटरचा धरला, तर सात रीडिंगमधून निघणाऱ्या वेगात साधारण मिनिटाला १० लिटर इकडेतिकडे होतात. पंपाचे १९० आहेत, म्हणजे आता कुठे बातमी कचऱ्यापेक्षा खूप मोठी झाली. किंमत एवढीच की पंप चालू झाल्यावर कळायला तीन-चार मिनिटं लागतात, ते चालतं.

पण वरच्या टाकीच्या वेगात पंप एकटा नसतो, लोकांचा वापरही असतो. पंप १९० देतोय आणि लोक ३० वापरतायत तर टाकी १६० ने चढते, सकाळी वापर ८० झाला तर तीच टाकी ११० ने चढते, आणि पंप बंद असेल तर ८० ने उतरते. म्हणून एकच उंबरठा ठेवला की त्याच्या आसपास सिस्टिम दर मिनिटाला चालू-बंद-चालू-बंद करत बसते. दोन उंबरठे ठेवा. ६० च्या वर गेला तर "चढतंय", २० च्या खाली आला तर "चढत नाहीये", मधे असेल तर आधी जे होतं तेच राहू द्या. हे आकडे माझ्या उदाहरणाचे आहेत, तुमच्या पंपाचा आकडा आणि तुमच्याकडचा सगळ्यात जास्त वापर यांच्यावरून तुमचे काढा.

इथपर्यंत एका टाकीवर भागतं, आणि बरेच लोक इथेच थांबतात. मग एक दिवस वरची टाकी ओव्हरफ्लो होते. गंमत बघा, टाकी भरून वाहायला लागली की लेव्हल वाढायची थांबते, वेग शून्य, आणि तुमचा प्रोग्राम शांतपणे सांगतो की पाणी चढत नाहीये, सगळं ठीक आहे. म्हणजे ज्या क्षणी ओरडायला पाहिजे नेमका त्याच क्षणी तो गप्प होतो. अल्ट्रासॉनिकला आणखी एक दुखणं आहे, सेन्सरच्या अगदी जवळचं त्याला दिसत नाही, ते स्वस्तातले वॉटरप्रूफ मिळतात त्यांना तर साधारण २० ते २५ सेंटीमीटरच्या आतलं मोजता येत नाही, त्यामुळे सेन्सर झाकणाला खाली चिकटवलेला असेल तर टाकी भरत आल्यावर रीडिंग एकतर गोठतं किंवा काहीतरी भलतंच येतं. सेन्सर ओव्हरफ्लो पाईपच्या लेव्हलपासून किमान ३० सेंटीमीटर वर बसेल असा उंचवा, जमत नसेल तर तळाशी सोडायचा प्रेशरवाला घ्या.

इथे खालची टाकी दुसरा साक्षीदार म्हणून कामाला येते. पंपाने वर टाकलेलं प्रत्येक लिटर खालून गेलेलं असतं. वरची लेव्हल सपाट पण खालची मिनिटाला १९० ने उतरतेय, तर वर ओव्हरफ्लो चालू आहे किंवा पाईप फुटलाय, दोन्हीत पंप ताबडतोब बंद करायलाच हवा.

आणि आता माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात उपयोगाची युक्ती. टाकीचा वेग किती आहे यापेक्षा तो कधी आणि कितीने बदलला हे बघा. लोकांचा वापर दहा-वीस मिनिटांत हळूहळू चढतो उतरतो, सगळ्या फ्लॅटचे नळ एकाच मिनिटाला उघडत नाहीत. पंप मात्र एका झटक्यात चालू होतो. त्यामुळे पंप चालू होताना वरच्या टाकीच्या वेगात एक पायरी दिसते, आणि त्याच मिनिटाला खालच्या टाकीत तेवढीच पायरी उलट्या दिशेने. एक नमुना देतो, आकडे सेंटीमीटरमध्ये:

```
time    upper   lower
05:36    96.2   141.0
05:38    95.4   141.2
05:40    95.0   140.9
05:42    98.4   139.2
05:44   101.3   137.1
05:46   104.8   135.2
```

५:४० च्या आधी वरची टाकी ४ मिनिटांत १.२ सेंटीमीटर उतरली, १२० लिटर, म्हणजे मिनिटाला ३० चा वापर. नंतर ६ मिनिटांत ९.८ सेंटीमीटर चढली, ९८० लिटर, मिनिटाला १६३. उणे ३० वरून अधिक १६३, पायरी १९३ ची. खालची आधी जवळजवळ स्थिर, मिनिटाला ५ लिटरने उतरत होती म्हणा, नंतर ६ मिनिटांत ५.७ सेंटीमीटर, ११४० लिटर, मिनिटाला १९०. पायरी १८५ ची. १९३ आणि १८५, मोजमापाच्या चुकीत दोन्ही सारखेच, आणि रात्री मोजलेल्या १९० शी जुळतात. आता छातीठोकपणे म्हणता येतं की ५:४० ला पंप चालू झाला आणि पूर्ण पाणी देतोय, आणि यात लोक किती वापरतायत हे आपल्याला माहीत असायचीही गरज पडली नाही, कारण तो वापर पायरीच्या दोन्ही बाजूंना सारखाच होता आणि वजाबाकीत उडून गेला.

खाली बाहेरच्या लाईनचं पाणी यायला लागलं तरी याच पद्धतीने गोंधळ टळतो. समजा ६:१० ला मिनिटाला १०० लिटर यायला लागलं, तर खालची टाकी उणे १९० वरून उणे ९० वर येते. नुसता वेग बघणाऱ्याला वाटेल पंप अर्धा झाला. पण वरच्या टाकीत त्या वेळी काहीच पायरी नाही, म्हणजे पंपाचा संबंध नाही. पायरी दोन्हीकडे आणि उलट्या दिशेने असेल तरच पंप, एकीकडेच असेल तर दुसरं काहीतरी. एकच सांभाळा, खालची टाकी काठोकाठ भरलेली असेल तर पंप चालू झाल्यावर लेव्हल जरा उतरते, बॉलकॉक उघडतो आणि बाहेरचं पाणी सुरू होतं, त्यामुळे पायरी सुरुवातीला बरोबर दिसून मग बुटकी होते. अशा वेळी खालच्या आकड्यावर फार जीव टाकू नका, वरचा धरा.

आता माझ्या कामातली एक केस, कारण दोन साक्षीदार का लागतात हे त्यात नीट कळतं. एका बिल्डिंगमध्ये सकाळी अलर्ट आला, वरची टाकी १६० ऐवजी ८० नेच चढतेय. पंपवाल्याला फोन गेला, तो म्हणाला इंपेलर गेला, पंप खोलावा लागेल. मी खालच्या टाकीचा आकडा बघितला तर तिथून बरोबर १९० जात होते. म्हणजे पंप ठणठणीत होता, पाणी निघत होतं पण वर पूर्ण दिसत नव्हतं. साहजिकच सगळे म्हणाले लिकेज, आणि दोघं जण टॉर्च घेऊन डक्टमध्ये शिरले. मी म्हटलं जरा थांबा, ८० हे १६० च्या बरोबर अर्धं आहे. लिकेज इतकं नेमकं अर्धं कशाला असेल? पंप बंद करायला सांगितला आणि वीस मिनिटं वरची टाकी उतरताना बघितली. त्या वेळेला नेहमी ३० ने उतरते, त्या दिवशी १५ ने उतरत होती. म्हणजे चढणंही अर्धं आणि उतरणंही अर्धं. पाईप फुटलेला असता तर चढणं कमी झालं असतं, पण पंप बंद असताना उतरणं कमी व्हायचं काहीच कारण नव्हतं. दोन्ही अर्धे झाले याचा अर्थ पृष्ठभाग दुप्पट झाला. आदल्या दिवशी टाकी साफ केली होती, वरच्या टाकीचे मधल्या भिंतीने दोन सारखे कप्पे होते आणि साफसफाईवाल्यांनी दोन कप्प्यांमधला व्हॉल्व्ह उघडा ठेवला होता. पाणी दोन्हीकडे पसरत होतं, सेन्सर एकाच कप्प्यात होता आणि प्रोग्राम एकाच कप्प्याचं क्षेत्रफळ धरून लिटर काढत होता. पंप खोलायचा वाचला.

तुमच्या टाकीत असे कप्पे असतील तर मधला व्हॉल्व्ह कायम उघडा असतो की बंद ते आधी ठरवा आणि क्षेत्रफळ त्याप्रमाणे धरा. आणि मधला पाईप बारीक असेल तर अजून एक भानगड, पंपाचं पाणी पडणारा कप्पा आधी भरभर चढतो, पंप बंद झाल्यावर दुसऱ्याकडे पाणी सरकतं म्हणून भरभर उतरतो, आणि तुम्हाला वाटतं अचानक कुणी एवढं पाणी वापरलं. दोन्ही कप्प्यांत सेन्सर टाकणं हाच त्याच्यावरचा खरा उपाय.

दोन्ही टाक्यांचे आकडे एकमेकांशी जुळतायत पण कमी आहेत, समजा वर ११० ची पायरी आणि खालीही ११०, तर मात्र पंपाकडेच बघायचं. गाळणी चोंदली, सक्शनला हवा घेतोय, इंपेलर झिजला, यातलं काहीही असू शकतं. पण दोन पंप एकाच लाईनवर असतील तर आधी बंद असलेल्या पंपाचा शाफ्ट बघा. त्याचा एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, नीट बसत नसेल तर चालू पंपाचं पाणी त्याच्यातून उलटं खाली टाकीत येतं, आणि तो बंद पंप उलटा फिरताना चक्क डोळ्यांनी दिसतो. सेन्सरला हे कळत नाही, कारण खालून जितकं निघालं त्यातलं काही परत खालीच आलं, हिशोब जुळतो. हे बघायला अर्धं मिनिट लागतं, पंप खोलायला अख्खा दिवस. फक्त लांबूनच बघा, कपलिंगला हात लावायचा नाही, आणि उलटा फिरत असताना तो पंप चालू करायचा नाही.

एनआरव्हीचं दुसरं दुखणं रात्री पकडता येतं. रात्री तीन वाजता पंप बंद आहे, वरची टाकी मिनिटाला २५ ने उतरतेय आणि खालची २० ने चढतेय, बाहेरची लाईन बंद आहे, तर पाणी पंपातूनच परत येतंय. पण हे तेव्हाच होतं जेव्हा चढणारा पाईप वरच्या टाकीत पाण्याखाली उघडतो. पाईप वरून, पाण्याच्या बाहेर पडत असेल तर एनआरव्ही गेला तरी टाकी रिकामी होत नाही, फक्त उभ्या पाईपमधलं पाणी खाली येतं. आणि वरची उतरतेय पण खालची स्थिरच आहे, तर पाणी बिल्डिंगमध्येच जातंय, कुणाचा तरी फ्लश वाहतोय.

अलर्ट कधी पाठवायचा हे वेगळं ठरवायला लागतं. नुसत्या लेव्हलवरून "पंप चालू व्हायला हवा होता" हे कळत नाही, त्यासाठी पंप किती लेव्हलला चालू होतो हे प्रोग्रामला माहीत पाहिजे. वरची टाकी चालू व्हायच्या लेव्हलच्या खाली गेली, खाली पुरेसं पाणी आहे आणि तरी सहा मिनिटांत पायरी दिसली नाही, तर अलर्ट. सहा का, तर तीन-चार मिनिटं आपल्या गणिताला लागतात आणि उभा पाईप रिकामा झाला असेल तर तो भरायला थोडा वेळ जातो. अडीच इंची पाईप ३५ मीटर उंच असेल तर त्यात साधारण ११० लिटर मावतात, १९० च्या पंपाला अर्ध्या मिनिटापेक्षा थोडं जास्त, म्हणजे ते काही फार नाही. मेसेजमध्ये "पंप फॉल्ट" एवढंच लिहू नका. "वरची टाकी ४०% च्या खाली, खालची ७०%, ६ मिनिटांत पाणी चढलं नाही, स्टार्टर ट्रिप झालाय का बघा" असं लिहा, वॉचमनला काय करायचं ते कळलं पाहिजे. वर आणि खाली दोन्हीकडे पाणी कमी असेल तर मेसेज वेगळा, तिथे पंपाची चूकच नाही.

आणि एक, जे मला दोनदा महागात पडलंय. सेन्सर मेला किंवा वायफाय गेलं की बऱ्याच सिस्टिम शेवटचंच रीडिंग पुन्हा पुन्हा दाखवत राहतात. रीडिंग पाठवायला एमक्यूटीटी वापरत असाल आणि शेवटचा मेसेज जपून ठेवणारं `retain` चालू असेल तर सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर कालचं रीडिंग आजचं म्हणून येतं. लेव्हल सपाट, वेग शून्य, आणि प्रोग्रामला वाटतं पंप बंद. म्हणून वेळेचा शिक्का सेन्सरकडच्या बोर्डानेच मारायचा, सर्व्हरने नाही, आणि रीडिंग तीन मिनिटांपेक्षा जुनं असेल तर "माहीत नाही" अशी तिसरी अवस्था ठेवायची. तसंच खऱ्या पाण्याचं रीडिंग सहसा ठार स्थिर नसतं, शेवटच्या आकड्यात तरी थोडं हलतंच. वीस मिनिटं दशांशापर्यंत तोच आकडा आला तर बहुतेक टाकी शांत नाहीये, सेन्सर अडकलाय. प्रेशरवाला ४-२० मिलिअँपचा सेन्सर असेल तर हे सोपं जातं, करंट ४ च्या बराच खाली, साडेतीनच्या आसपास किंवा शून्यावर आला की वायर तुटली किंवा सेन्सर गेला, कारण रिकाम्या टाकीलाही तो ४ देतो.

तापमानाची काळजी कुणीतरी नक्की करेल, की उन्हात अल्ट्रासॉनिक चुकतो. चुकतो खरा, हवेतला आवाजाचा वेग दर अंशाला ०.१७-०.१८ टक्क्याने बदलतो, म्हणजे टाकीतली हवा १५ अंशांनी तापली तर दीड मीटरच्या अंतरात साधारण ४ सेंटीमीटरची चूक. पण ती चूक तीन तासांत हळूहळू येते, मिनिटाला जेमतेम ०.०२ सेंटीमीटर, आणि आपण बघतोय वेग. पंपाच्या दीड-पावणेदोन सेंटीमीटरपुढे ती कुठेच नाही. टाकी किती टक्के भरली हे अचूक हवं असेल तर तापमान सेन्सर लावा, पंप ओळखायला त्याची गरज नाही. सेन्सर मात्र पाणी पडतं त्या कोपऱ्यापासून लांब बसवा.

या सगळ्याची एक हद्द आहे ती सरळ सांगतो. हे पंपाचं संरक्षण नाही. पंप कोरडा फिरायला लागला तर त्याचं मेकॅनिकल सील पाण्यानेच थंड आणि ओलं राहत असतं, ते तुमच्या सहा मिनिटांची वाट बघणार नाही. त्यामुळे खालच्या टाकीतला लो-लेव्हल फ्लोट आणि वरच्या टाकीतला हाय-लेव्हल फ्लोट हे थेट स्टार्टरच्या सर्किटमध्ये वायरने जोडलेलेच ठेवा, सर्व्हर, वायफाय काहीही बंद पडलं तरी ते चालले पाहिजेत. ड्राय रन प्रिव्हेंटर नसेल तर तो आधी बसवा, मग हे.

आणि पुढे कधी जमलं तर मोटरच्या एका फेजवर करंट मोजणारी क्लॅम्प लावून घ्या, लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून. मोटरला वीज जोडणाऱ्या कॉन्टॅक्टरचा जास्तीचा कॉन्टॅक्ट घेण्यापेक्षा हे बरं, कारण कॉन्टॅक्टर बसलेला असूनही मोटर फिरत नसू शकते, एखादा फेज गेला की ओव्हरलोड ट्रिप होईपर्यंत ती नुसती गुणगुणते. करंट आहे, नेहमीपेक्षा खूप वाढलेला नाही, आणि पायरी नाही म्हणजे मोटर फिरतेय, पाणी नाही. करंटच नाही म्हणजे वीज, स्टार्टर किंवा कंट्रोलर. आज तुम्हाला "पाणी चढत नाहीये" एवढंच कळतंय, तेव्हा कुणाला फोन करायचा तेही कळेल, पंपवाल्याला की वायरमनला.

सध्या एक करा, अलर्ट पूर्ण बंद करा आणि आठवडाभर फक्त नोंद ठेवा, प्रत्येक वेळी पायरी कितीची आली, वर किती, खाली किती. वॉचमनला पंप चालू-बंद व्हायची वेळ वहीत लिहायला सांगा. आठवड्याने दोन्ही शेजारी ठेवून बघा, प्रोग्रामने कुठली वेळ चुकवली आणि का. उंबरठे त्याच्यावरून ठरतील, माझ्या आकड्यांवरून नाही. आणि ती पायऱ्यांची नोंद नंतरही चालू ठेवा, १९० चे सहा महिन्यांत १६५ झालेले त्याच्यातच दिसतील, वरच्या मजल्यावरच्यांची तक्रार यायच्या खूप आधी.